मुद्दल महागाईबरोबर वाढू द्या: अर्थ मंत्रालय आणि रिझर्व्ह बँकेस खुले पत्र

प्रति,
आर्थिक व्यवहार विभाग, अर्थ मंत्रालय, नवी दिल्ली
आणि
भारतीय रिझर्व्ह बँक, मुंबई

सप्रेम नमस्कार.

जून २०२३ मध्ये १.४४ टक्के व्याजाचे महागाई-निर्देशांकित सरकारी रोखे मुदत संपून फेडले गेले. डिसेंबर २०१३ ते मार्च २०१४ या काळात विकलेली महागाई-निर्देशांकित राष्ट्रीय बचतपत्रेही दहा वर्षे भरून बंद झाली. त्यांच्या जागी आपण काहीही आणलेले नाही. महागाई वाढेल तसे मुद्दल वाढवून देणारे सरकारी साधन आज सामान्य बचतदाराला विकत घेता येत नाही. एका महत्त्वाच्या साधनावर असा न बोलता पडदा पडावा हे आम्हाला मान्य नाही, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहोत.

आम्ही निवृत्तांच्या ठेवी, रोखे आणि निवृत्तिवेतनाचे हिशेब पाहणारी माणसे आहोत. सरकारी निवृत्तिवेतनधारकाला वर्षातून दोनदा महागाई सवलत मिळते आणि ती औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकावरून ठरते. महाराष्ट्रातल्या सूतगिरण्या, साखर कारखाने, एसटी आणि खाजगी कंपन्यांतून निवृत्त झालेल्या, कर्मचारी निवृत्तिवेतन योजना १९९५ खालच्या लाखो लोकांना अशी सवलत नाही. त्यांचे निवृत्तिवेतन एकदा ठरले की ठरले. या योजनेत किमान रक्कम महिना १,००० रुपये आहे आणि ती २०१४ पासून तेवढीच आहे. या लोकांची खरी मदार हाती आलेल्या भविष्य निर्वाह निधीच्या रकमेवर असते. ती रक्कम महागाईपासून वाचवण्याचे सरकारी साधन त्यांना हवे. आपल्या कर्मचाऱ्यांसाठी निर्देशांकाचे संरक्षण आवश्यक आहे हे सरकारने केव्हाच मान्य केले आहे. इतरांना ते फुकट नको, ते पैसे मोजून विकत घ्यायला तयार आहेत.

आधी हे रोखे कसे चालतात ते वाचकांसाठी थोडक्यात सांगतो, कारण पुढच्या सगळ्या तक्रारी त्यावरच उभ्या आहेत. साध्या रोख्यात १ लाख रुपये गुंतवले की शेवटी १ लाखच परत मिळतात. दहा वर्षांत त्या लाखात किती किराणा येईल याची जबाबदारी कोणी घेत नाही. निर्देशांकित रोख्यात मुद्दलाला एका गुणोत्तराने गुणले जाते:

```
गुणोत्तर = आजचा संदर्भ निर्देशांक ÷ रोखा निघाला त्या दिवशीचा संदर्भ निर्देशांक
आजचे मुद्दल = दर्शनी मूल्य × गुणोत्तर
सहामाही व्याज = आजचे मुद्दल × वास्तव व्याजदर ÷ २
```

निर्देशांक महिन्यातून एकदाच येतो, पण रोखा तर कोणत्याही दिवशी विकला जातो. त्यामुळे रोजचा निर्देशांक दोन महिन्यांच्या आकड्यांमधून काढतात. समजा तीन महिन्यांचे अंतर धरले आहे. मग १ जूनसाठी मार्चचा निर्देशांक लागू होतो आणि १ जुलैसाठी एप्रिलचा. मार्चचा आकडा १८०.० आणि एप्रिलचा १८१.२ असेल, तर १६ जूनला महिन्याच्या तीसपैकी पंधरा दिवस संपलेले असतात. म्हणून १८० मध्ये १.२ चा निम्मा भाग मिळवायचा, म्हणजे १८०.६. रोखा निघाला तेव्हाचा संदर्भ निर्देशांक १७२.० असेल तर गुणोत्तर १.०५ येते. १ लाखाचे मुद्दल १,०५,००० होते आणि दीड टक्के वास्तव दराने सहा महिन्यांचे व्याज ७५० रुपयांऐवजी ७८७.५० रुपये मिळते. वाढ मुद्दलात झाली आणि त्या वाढलेल्या मुद्दलावर व्याज मिळाले. या साधनाचे सगळे मर्म एवढ्यात आहे.

अंतर तीन महिन्यांचेच का, असे अनेक जण विचारतात. एप्रिलचा ग्राहक किंमत निर्देशांक मेच्या १२ तारखेच्या सुमारास जाहीर होतो. म्हणजे जून उजाडण्यापूर्वी मार्च आणि एप्रिल हे दोन्ही आकडे हातात असतात आणि जूनच्या प्रत्येक दिवसाचा निर्देशांक आधीच सांगता येतो. अंतर दोन महिन्यांवर आणले, तर १ जूनला एप्रिलचा आकडा धरावा लागेल आणि १ जुलैला मेचा. पण मेचा आकडा १२ जूनच्या आसपास येणार. मग जूनचे पहिले अकरा-बारा दिवस रोख्याची किंमतच काढता येणार नाही. तीन महिन्यांपेक्षा कमी अंतर व्यवहारात बसत नाही. या अंतरामुळे खरेदीआधीच्या काही महिन्यांची महागाई मुद्दलात मिळते आणि परतफेडीपूर्वीच्या शेवटच्या तीन महिन्यांची मिळत नाही. एरवी हे साधारण फिटते, पण नेमके शेवटी भाव भडकले तर तेवढा तोटा रोखेधारकाने सोसायचा असतो. तो सोसायला आमची हरकत नाही, मात्र तो विक्रीच्या वेळीच स्पष्ट सांगितला पाहिजे.

आता तक्रारींकडे येतो. पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार निर्देशांकाच्या निवडीची आहे.

१९९७ मध्ये आपण भांडवल-निर्देशांकित रोखे आणले. त्यांत संरक्षण फक्त मुद्दलाला होते आणि व्याज ६ टक्क्यांवर गोठलेले होते. २०१३ मध्ये ही उणीव आपण दूर केली आणि व्याजही वाढत्या मुद्दलावर देऊ लागलात. ही खरी सुधारणा होती. पण दोन्ही वेळा निर्देशांक घाऊक किमतींचा घेतला. घाऊक निर्देशांकात घरभाडे नाही, डॉक्टरची फी नाही, नातवंडांची शाळा नाही, एसटीचे तिकीट नाही. सेवा त्यात येतच नाहीत. त्या वेळच्या मालिकेत सुमारे ६५ टक्के भार कारखानी मालाचा होता. पोलाद, रसायने आणि यंत्रे यांच्या भावावरून निवृत्त माणसाचे मुद्दल ठरत होते.

त्याचा परिणाम लवकरच दिसला. नोव्हेंबर २०१४ पासून २०१६ च्या सुरुवातीपर्यंत घाऊक महागाई सलग शून्याखाली राहिली. २०१५-१६ या वर्षात घाऊक निर्देशांक सरासरी अडीच टक्क्यांनी उतरला आणि त्याच वर्षी ग्राहक किमती सुमारे ४.९ टक्क्यांनी चढल्या. वर्षाच्या सुरुवातीला १ लाख असलेले मुद्दल घेऊन हिशेब करा. रोख्याच्या हिशेबाने ते ९७,५०० होते आणि बाजारात तेवढ्याच वस्तू घ्यायला १,०४,९०० लागतात. एका वर्षात ७,४०० रुपयांची दरी पडते. वर व्याजही उतरलेल्या मुद्दलावर, म्हणजे १,४४० ऐवजी १,४०४ रुपये. महागाईपासून वाचवणारे म्हणून विकलेले साधन महागाई चालू असताना घटत होते.

पुढे २०२१-२२ मध्ये उलटे झाले. जागतिक बाजारात तेल आणि धातू भडकल्याने घाऊक महागाई सुमारे १३ टक्के झाली, तर ग्राहक महागाई ५.५ टक्क्यांच्या आसपास होती. तोपर्यंत रोखा धरून बसलेल्यांना जास्त मिळाले, हे आम्ही मान्य करतो. पण त्यातून आमचा मुद्दा खोटा ठरत नाही. ज्याला २०१६ मध्ये पैशांची गरज पडली त्याला २०२२ च्या धातूंच्या भावांचा काय उपयोग? शिवाय तो जादा भार सरकारने का उचलावा? चुकीच्या निर्देशांकाने एकदा रोखेधारक बुडतो आणि एकदा तिजोरी.

दुसरी तक्रार डिसेंबर २०१३ च्या बचतपत्रांबद्दल आहे. इथे निर्देशांक बरोबर निवडला होता: एकत्रित ग्राहक किंमत निर्देशांक, तीन महिन्यांच्या अंतराने. महागाई दर अधिक दीड टक्का असा परतावा होता आणि दीड टक्का काही झाले तरी मिळणार होता. चुकला तो पैसे देण्याचा प्रकार. व्याज सहामाहीने मुद्दलात मिळवले जायचे आणि सगळे पैसे दहा वर्षांनी एकरकमी मिळायचे. पासष्टीच्या वरच्यांना एका वर्षानंतर आणि इतरांना तीन वर्षांनंतर मुदतपूर्व पैसे काढता येत, पण त्यासाठी शेवटच्या व्याजाचा निम्मा भाग सोडावा लागे. बाजारात विकायची सोय नव्हती. ज्याला दर सहा महिन्यांनी औषधपाण्याला पैसे लागतात, त्याने दहा वर्षे थांबायचे कसे?

त्या वेळी बँकांच्या मुदतठेवींवर ९ टक्क्यांच्या आसपास व्याज मिळत होते, सरकारी कंपन्यांचे करमुक्त रोखेही विक्रीला होते आणि विक्रीची मुदत सुरुवातीला जेमतेम आठ-नऊ दिवसांची ठेवली होती. ती पुढे ३१ मार्चपर्यंत वाढवली. शाखेतल्या कर्मचाऱ्याला स्वतःलाच योजना समजलेली नसायची, मग तो मुदतठेवीचा अर्ज पुढे करायचा. प्रतिसाद थंड मिळाला यात नवल नाही. त्यावरून ‘लोकांना मागणीच नाही’ असा निष्कर्ष काढणे चूक आहे. त्या दहा वर्षांत महागाई उतरत गेल्याने ९ टक्क्यांची लांब मुदतठेव करणाऱ्याचे जास्त भले झाले, हे खरे आहे. पण घर जळाले नाही म्हणून विम्याचा हप्ता वाया गेला असे कोणी म्हणत नाही.

तिसरी तक्रार कराची. ती सांगताना हिशेब पूर्ण मांडतो, कारण इथे बहुतेकांची फसगत होते. महागाई ६ टक्के आणि वास्तव दर दीड टक्का असेल, तर परतावा साडेसात टक्के. प्राप्तिकर खाते हे सगळे उत्पन्न धरते. ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर म्हणजे ३१.२ टक्के. साडेसातातून २.३४ गेले आणि हाती ५.१६ राहिले. महागाई ६ आहे, म्हणजे वर्षाला ०.८४ टक्के क्रयशक्ती गेली. महागाई २ टक्के असेल तर परतावा साडेतीन, कर जाऊन २.४१, म्हणजे थोडा फायदा. तर ज्या वर्षी भाव जास्त वाढतात, त्याच वर्षी हा रोखा जास्त तोट्याचा होतो. या करगटासाठी ३.३ टक्क्यांपेक्षा जास्त महागाई झाली की तोटा सुरू होतो, आणि रिझर्व्ह बँकेचे आपले लक्ष्य ४ टक्क्यांचे आहे. लक्ष्य अगदी अचूक गाठले तरी रोखेधारक मागे पडणार.

नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही, त्यामुळे लहान निवृत्तांना ही झळ दरवर्षी बसणार नाही, असे कोणी म्हणेल. ते बरोबर आहे, पण एकरकमी परतफेडीच्या रचनेत ते टिकत नाही. १० लाख रुपये सरासरी साडेसहा टक्क्यांनी दहा वर्षे सहामाही चक्रवाढीने वाढले, तर शेवटी सुमारे ९ लाखांचे व्याज एका वर्षाच्या उत्पन्नात येऊन पडते. ते दरवर्षी थोडे थोडे दाखवावे, तर न मिळालेल्या पैशांवर कर भरायचा. अमेरिकेत १९९७ पासून निघणाऱ्या निर्देशांकित रोख्यांची हीच अडचण आहे: मुद्दल वाढले की त्याच वर्षी कर लागतो, पैसे मात्र शेवटी मिळतात. म्हणूनच तिथे १९९८ पासून लहान बचतदारांसाठी वेगळी बचतपत्रे आहेत आणि त्यांच्यावरचा कर पैसे काढेपर्यंत पुढे ढकलता येतो. ब्रिटनमध्ये १९८१ पासून असे रोखे आहेत आणि व्यक्तीला निर्देशांकामुळे झालेल्या मुद्दलवाढीवर प्राप्तिकर द्यावा लागत नाही. तिथे कर फक्त व्याजावर लागतो. आम्हाला ब्रिटनची रीत बरोबर वाटते, कारण मुद्दलाची ती वाढ कमाई नसते. पूर्वी होते तेवढेच उरावे म्हणून ती दिलेली असते.

चौथी तक्रार माहितीची आहे. दुय्यम बाजारात अशा रोख्याचा भाव गुणोत्तर न लावता सांगतात. पडद्यावर ९८ दिसते, गुणोत्तर १.०५ असते आणि घेणाऱ्याला १०२.९० अधिक साठलेले व्याज द्यावे लागते. हे न कळल्यामुळे एक तर माणूस घाबरतो, नाही तर स्वस्त मिळाले समजून फसतो. परतफेडीच्या हमीबद्दलही गैरसमज आहे. वाढलेले मुद्दल किंवा मूळ दर्शनी मूल्य यांतले जे जास्त ते शेवटी मिळते, पण ही हमी फक्त मूळ दर्शनी मूल्याची असते आणि फक्त मुदतीअखेर लागू होते. गुणोत्तर १.३० झालेला रोखा कोणी १,३०,००० ला घेतला आणि पुढे निर्देशांक घसरला, तर त्याचे संरक्षण १ लाखापासून सुरू होते, १,३०,००० पासून नाही.

मधल्या काळातला भावही उतरू शकतो. २०२२ मध्ये अमेरिकेत महागाई ९ टक्क्यांवर गेली आणि तिथल्या निर्देशांकित रोख्यांचा एकूण परतावा त्याच वर्षी सुमारे १२ टक्क्यांनी उणे झाला. मुद्दल वाढत होते, पण वास्तव व्याजदर त्याहून झपाट्याने चढले आणि लांब मुदतीच्या रोख्यांचे भाव कोसळले. शेवटपर्यंत धरणाऱ्याला याची चिंता नाही. मध्येच विकावे लागणाऱ्याला ती आहे, आणि म्हाताऱ्या माणसाला मध्येच पैसे लागतात. म्हणून लहान बचतदाराला बाजारभावावर सोडून चालणार नाही.

आधारवर्ष बदलाची गोष्ट याच ओघात सांगायला हवी. मे २०१७ मध्ये घाऊक निर्देशांकाचे आधारवर्ष २००४-०५ वरून २०११-१२ झाले. नव्या मालिकेचा आकडा जुन्या मालिकेच्या आकड्याने सरळ भागला तर गुणोत्तर कोसळेल, म्हणून जोडगुणक लावतात. पण प्रश्न तेवढ्यावर मिटत नाही. जुन्या मालिकेत २०१५-१६ ची घट अडीच टक्के होती, नव्या मालिकेत तीच ३.७ टक्के निघाली. वर्ष एक आणि उत्तरे दोन. कोणते उत्तर रोख्याला लागू होणार, हे विक्रीच्या अधिसूचनेत आधीच लिहिलेले नसेल तर ज्याच्या हाती नियम त्याच्या सोयीने ते ठरेल. ग्राहक निर्देशांकाचेही आधारवर्ष बदलत राहणार आहे, म्हणून हे कलम पहिल्या दिवसापासून हवे.

खर्च किती होईल हे आधी सांगता येत नाही, हा आपला आक्षेप असेल. तो आम्ही हलका मानत नाही. पण भाव वाढतात तेव्हा वस्तू व सेवा कराचे संकलनही वाढते, म्हणजे देणे आणि येणे एकाच दिशेने सरकते. महागाई लक्ष्यात राहिली तर हे कर्ज साध्या रोख्यांपेक्षा स्वस्तही पडू शकते, कारण साध्या रोख्यात गुंतवणूकदार अनिश्चिततेपोटी जादा व्याज मागतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये ग्राहक महागाई ०.२५ टक्क्यापर्यंत उतरली होती. भाव शांत असताना असे रोखे काढणे दोघांनाही परवडते. दोन अंकी महागाईत काढले की २०१३ सारखी घाई होते. शिवाय साध्या आणि निर्देशांकित रोख्यांच्या परताव्यातला फरक पाहिला की बाजाराला पुढची महागाई किती वाटते हे रिझर्व्ह बँकेला रोज कळेल. आज त्यासाठी पाहण्यांवर फार अवलंबून राहावे लागते.

आमच्या मागण्या सरळ आहेत.

एकत्रित ग्राहक किंमत निर्देशांकाशी तीन महिन्यांच्या अंतराने जोडलेले, दहा वर्षे मुदतीचे सरकारी रोखे लहान बचतदारांसाठी काढावेत. ते वर्षभर रिटेल डायरेक्ट मंचावर, टपाल कार्यालयांत आणि बँकांत मिळावेत, आठवड्याभराच्या खिडकीत नव्हे. किमान रक्कम ५,००० रुपये असावी आणि कमाल मर्यादा ज्येष्ठ नागरिक बचत योजनेप्रमाणे ३० लाख असावी.

व्याज दर सहा महिन्यांनी वाढलेल्या मुद्दलावर रोख मिळावे. साठ वर्षांवरील धारकाला एका वर्षानंतर, त्या दिवसाच्या निर्देशांकित मुद्दलाला, ठरलेल्या कपातीनिशी रोखा सरकारलाच परत देता यावा. शेवटी मूळ दर्शनी मूल्याची हमी कायम ठेवावी.

निर्देशांकामुळे होणारी मुद्दलवाढ प्राप्तिकरातून वगळावी आणि कर फक्त व्याजावर लावावा. हे एकदम शक्य नसेल, तर निदान कर पैसे हाती येईपर्यंत पुढे ढकलावा आणि तो एकाच वर्षात न पडता मुदतीच्या वर्षांत विभागून मोजण्याची मुभा द्यावी.

रोजचा संदर्भ निर्देशांक, गुणोत्तर आणि १ लाखामागचे चालू मुद्दल रिझर्व्ह बँकेने आधीच्या महिन्यात मराठीसह सर्व राज्यभाषांत प्रसिद्ध करावे. आधारवर्ष बदलल्यास जोडगुणक कोणत्या महिन्यावरून काढणार आणि जुने आकडे मागे जाऊन बदलणार नाहीत, हे अधिसूचनेतच लिहावे.

विमा कंपन्या आणि निवृत्तिवेतन निधींसाठी वीस-तीस वर्षांचे असेच रोखे स्वतंत्र लिलावाने विकावेत. आज महागाईशी जोडलेले आजीवन निवृत्तिवेतन विकायचे तर ते देणे पेलण्यासाठी कंपनीकडे धरायला काहीच नाही. म्हणून ठरावीक ३ किंवा ५ टक्के वाढीच्या योजनांवर ग्राहकाची बोळवण होते.

यातल्या कोणत्या मागण्या मान्य आहेत आणि कोणत्या नाहीत, हे पुढच्या सहामाही कर्ज-उभारणीच्या वेळापत्रकाबरोबर कारणांसह जाहीर करावे, अशी आमची विनंती आहे.

आपले,
निवृत्तांच्या बचतीचे हिशेब पाहणारे काही सल्लागार आणि लेखापाल, महाराष्ट्र